दोन सह्यांचं पाकीट

आत्याला सगळं खानदान मागून ‘व्हाउचर’ म्हणायचं आणि समोर अतिशय अदबीने ‘आत्या’. कंपनीत उभी हयात तिने एकाच टेबलावर काढली. प्रवासाची, औषधांची, जेवणाची बिलं तपासायची आणि लोकांनी खिशातून घातलेले पैसे त्यांना परत मिळवून द्यायचे, हे तिचं काम. त्या टेबलामागे बसून तिने एक गंमत पाहिली होती. महिनाभर त्या पैशांवाचून ज्याचं काही अडलं नाही, तोच माणूस पैसे परत आले की लॉटरी लागल्यासारखा नाचायचा आणि आठवड्यात पुन्हा कडकी.

“अरे, तुझेच पैसे तुला मिळालेत. त्यात पार्टी कसली देतोस?” ती विचारायची. समोरचा हसायचा आणि हॉटेलात जायचा.

आत्याने स्वतःपुरता वेगळा रस्ता धरला. पगार घरखर्चाला. परत आलेला किंवा न मागता आलेला पैसा मात्र बँकेतल्या दुसऱ्या खात्यात. बिलांची भरपाई तिकडे, वाढदिवसाची पाकिटं तिकडे. निवृत्तीनंतर ठेवींच्या व्याजातून कर कापला जायचा. तिचं उत्पन्न करपात्र नसल्याने विवरणपत्र भरलं की तो परत यायचा. तोही तिकडेच. त्या खात्याला ती दर वेळी एक नाव द्यायची. एकदा ते ‘गॅलरीची जाळी’ होतं, एकदा ‘गाडी चालवायला शिकणे’. (शिकली. शेजारच्यांचा खांब अजून थोडा वाकडा आहे.) सध्या खात्याचं नाव होतं ‘दाढा’. डाव्या बाजूच्या दोन दाढा पडल्यापासून बाई एका अंगाने चावत होती आणि त्यामुळे तिचा चेहरा कायम कुणाची तरी चोरी पकडल्यासारखा दिसायचा.

अशा बाईच्या हाती भाच्याच्या लग्नाच्या समारंभात पाकिटांची पिशवी जाणार, हे ठरलेलंच होतं. भाचा टायरच्या कंपनीत फिरतीवर. बोलण्यात एवढा गोड की चार चाकांच्या गाडीला पाच टायर विकून यायचा. नवी सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. तिला डायलिसिसच्या तंत्रज्ञाचा कोर्स करायचा होता. प्रवेशाची परीक्षा ती पास झाली होती. घोडं अडलं होतं फीवर. आहेराच्या पाकिटांतून फी भरायची, असं दोघांनी लग्नाआधी आत्यासमोर कबूल केलं होतं.

“नियम ऐका,” समारंभाच्या सकाळी आत्या म्हणाली. “पिशवीतून पैसे उचलायचे तर व्हाउचर भरायचं. कशासाठी हवेत ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची. ठरलेल्या कामावर खर्च आधीच झाला असेल तर पावती जोडायची, मग—”

“मान्य, मान्य! सगळं मान्य!” भाचा म्हणाला. फोटोग्राफर हाका मारत होता आणि भाच्याला आपली उजवी बाजू जास्त चांगली दिसते असं वाटायचं. सून मात्र शेवटपर्यंत उभी राहिली. तिने मान हलवली आणि मगच गेली.

समारंभ पार पडला. आत्याने प्रत्येक पाकिटावर देणाऱ्याचं नाव टिपलं, पैसे कपाटात कुलूपबंद केले आणि दोघांचं एकत्र खातं उघडायचे कागद आणायला सांगितले. चौथ्या दिवशी भाचा आला. हातात व्हाउचर.

“कारण?” आत्याने चष्मा लावला. “‘संसारोपयोगी’. म्हणजे काय रे?”

“म्हणजे... हवापालट. मित्रांनी ठरवलंय. आम्ही सहा जण, चार दिवस. संसार करायला माणूस ताजातवाना नको का?”

“आणि ही दुसरी सही?”

“तिचीच आहे.”

“तिच्या नावात काना नाही. इथे दोन आहेत.” आत्याने ठसठशीत अक्षरांत ‘नामंजूर’ लिहिलं. “आणि फी?”

“फी काय, पुढच्या वर्षी भरता येईल. आत्या, ते पैसे असे आभाळातून पडलेत! जरा उडवले तर काय बिघडलं?”

“आभाळातून नाही पडले. तुझ्या काकांनी, मामांनी खिशात हात घालून दिलेत. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तुलाही घालावा लागेल.”

भाचा फणकारला. “ठीक आहे. माझं व्हाउचर नाही, तर तिच्या व्हाउचरवर माझीही सही नाही. बघू कोण थकतं ते.”

आणि तो खरंच हटून बसला. सून सही मागायची, तो “आधी सहल” म्हणायचा. फी भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतून सुटून ती थेट आत्याकडे आली, खुर्चीत बसली आणि रडली नाही. तेच आत्याला जास्त लागलं.

“आत्या, पैसे तुमच्या कपाटात आहेत. माझ्या कामाचे आहेत. तरी मला मिळत नाहीत. जागा गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा.”

आत्याची पंचाईत झाली. आयुष्यात तिने अर्धवट सह्यांचं एकही व्हाउचर पास केलं नव्हतं. मोठ्या साहेबांचंसुद्धा परत पाठवलं होतं. आज तिचाच नियम या गुणी पोरीच्या मुळावर आला होता. आपला हेकटपणा तिचं वर्ष खाणार, या विचाराने म्हातारीला स्वतःची लाज वाटली. जिभेने ती डाव्या हिरडीची रिकामी जागा चाचपत बसली. विचार करताना ती नेहमीच असं करायची. आणि एकदम तिचे डोळे चमकले.

“समारंभाच्या सकाळी माझा नियम कुठपर्यंत ऐकला होतास?”

“पूर्ण,” सून म्हणाली. आणि मग हळूहळू तिच्याही चेहऱ्यावर हसू उगवलं.

शुक्रवारी बँक उघडताच आत्याने ‘दाढा’ रिकाम्या केल्या आणि ते पैसे सुनेला उसने दिले. सुनेने फी भरली, पावती घेतली.

संध्याकाळी भाचा विजयी वीरासारखा आला. “मुदत संपली ना? आता तरी सहलीचं बघा.”

आत्याने त्याच्यापुढे एक कागद सरकवला. व्हाउचर, पावती जोडलेलं, सुनेची एकच सही, खाली मंजुरीचा शेरा.

“हे कसं पास झालं? माझी सही कुठाय?”

“पैसे उचलायला दोन सह्या लागतात. हिने उचललेच नाहीत. हिने खर्च केला, तोही ठरलेल्या कामावर. झालेल्या खर्चाच्या भरपाईला पावती आणि खर्च करणाऱ्याची सही पुरते. तू महिन्याच्या महिन्याला कंपनीकडून प्रवासाचे पैसे घेतोस, तेव्हा बायकोची सही मागतात का?”

टायर विकणाऱ्याची हवा गेली. आत्याने त्याच्यादेखत कपाट उघडलं आणि फीचे पैसे सुनेच्या हाती ठेवले. सुनेने ते लगेच आत्याला परत केले. दाढा पुन्हा खात्यात जायला निघाल्या.

“उरलेले?” भाच्याने बारीक आवाजात विचारलं.

“ते तुमच्या दोघांच्या खात्यात. दोन सह्यांवर. आता माझा संबंध संपला,” आत्या म्हणाली आणि तिने कोऱ्या व्हाउचरांचं पुस्तक सुनेच्या मांडीवर ठेवलं.

भाचा बायकोकडे वळला. सगळा गोडवा गळ्यात आणून म्हणाला, “अगं, ती सहल...”

सुनेने पेनाचं टोपण काढलं. “कोण कोण जाणार?”

भाच्याने मनातल्या मनात पाच मित्र एकेक करून खाली उतरवले. “तू आणि मी,” तो म्हणाला.

“जाऊ की. तुझ्या फिरतीचे पैसे परत येतात ना दर महिन्याला, ते बाजूला टाकत जा. माझा कोर्स संपेपर्यंत जमतील.” तिने टोपण परत लावलं. “ही पाकिटं मोडायची नाहीत.”

आत्या दोन्ही बाजूंनी हसली. डावीकडे दाढा नव्हत्या, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही.