तिसऱ्या गाण्याची रिकामी जागा

संध्याकाळच्या त्या नारिंगी उजेडात आई बाळाला आंघोळ घालायची, आणि न्हाणीघरातून कोमट पाण्याची वाफ, बेबी साबणाचा गोडसर वास आणि खोबरेल तेलाचा आमच्या घराचा असा खास वास एकमेकांत मिसळून थेट माझ्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत यायचा. खिडकीबाहेर क्रेनच क्रेन. आम्ही अल वक्र्याला राहायचो, वर्ल्ड कप यायचा होता, आणि सगळा कतार त्याच्या तयारीत बुडून गेला होता. शाळेच्या बसचा रस्ता सारखा बदलायचा, पडद्यांवर, कपाटांवर, अगदी जिभेवरही बारीक धुळीची चव असायची... बाबा मेट्रोच्या कामावर इंजिनीअर होते. ते घरी आले की बुटांतून वाळू पडायची. सगळे कुणाच्या तरी येण्याची तयारी करत होते. आमच्या घरात मात्र जो यायचा तो आधीच येऊन बसला होता, आणि मला विचारून आला नव्हता.

मी आठ वर्षांची होते. तोवर आईचा आवाज हा पूर्णपणे माझ्या मालकीचा होता. मी पाळण्यात होते तेव्हा तिने स्वतः जुळवलेलं एक गाणं होतं – चारच ओळींचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘ईरा’, म्हणजे मी. मी शाळेत जाऊ लागले तरी झोपताना ते गाणं व्हायचंच. भाऊ झाल्यावर मी आईकडून वचन घेतलं होतं, की हे गाणं त्याला मिळणार नाही. ‘ते तुझंच गं,’ असं तिने म्हटलं होतं, आणि त्या शब्दावर मी कशीबशी तग धरून होते.

कारण अद्वैत झोपायचाच नाही. आई सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. रजेवर असली तरी तिची सवय काही रजेवर गेली नव्हती. तिने त्याच्या झोपेचीही तपासणी सुरू केली. आंघोळ, तेल, दूध, मंद दिवा, गाणं – हा क्रम रोज तोच, आणि बदलायचं ते फक्त एक गाणं, तेही काही दिवस तसंच ठेवून बघायचं, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. गाणं कसं हवं, याचेही तिचे नियम होते. चाल आपल्या शांत श्वासाइतकी संथ. सूर जवळजवळचे, एकदम उंच उडी नाही. शब्द थोडे, पुन्हा पुन्हा येणारे. आणि मोबाइल नको, कारण त्यात मध्येच जाहिरात किंचाळते. ती स्वतः गायची. शेवटी आवाज उतरवत उतरवत नुसतं गुणगुणायची आणि डोळे जड झाले की, पूर्ण झोपायच्या आधीच, त्याला पाळण्यात ठेवायची, म्हणजे मध्ये जाग आली तरी तो आपला आपण पुन्हा झोपेल.

गाणी यायची ती सगळीकडून. दिवसा बाळाला सांभाळायला येणारी लीलाचेची, म्हणजे लीलाताई, केरळची; तिच्या मल्याळम गाण्यात झोपाळा होता, टाळी होती आणि शेवटी एक लाडिक ‘हो!’ होतं. त्याने अद्वैत खदखदून हसायचा, म्हणून आईने ते आधी, तेल लावतानाच्या वेळेला नेलं. वरच्या मजल्यावरच्या सुदानी मावशी, उम्म खालिद, यांचं अरबी गाणं नदीकाठचं होतं... लांबलांब ‘आ’कार, हळूहळू उतरत जाणारी ओळ. त्याचा अर्थ आईने त्यांच्याकडून नीट समजून घेतला आणि मगच पाठ केलं. दूध पिताना ते अगदी बसलं. उम्म खालिद ‘इन्शाल्ला, आता झोपेल’ म्हणून जायच्या आणि जिन्यात पोचेपर्यंत आमच्याकडे रडारड सुरू व्हायची. कारण तिसरी जागा, पाळण्यात ठेवतानाची, ती काही भरत नव्हती.

नाशिकच्या आजीने व्हिडिओवर बारशाचा पाळणा गाऊन दाखवला. तो इतका नटलेला होता की अद्वैत डोळे टक्क उघडून ऐकतच बसला. बाबांचं आवडतं हिंदी गाणं अंतऱ्याला उंच चढायचं, आणि त्याबरोबर बाळाचा आवाजही. मला मनातून फार बरं वाटायचं. एवढ्या भाषा, एवढी माणसं त्याच्या पायाशी, आणि त्याला काही पसंतच पडेना! मी गणितं सोडवता सोडवता कान टवकारून बसायचे आणि तो रडला की पुढचं गणित झरझर सुटायचं.

त्या संध्याकाळी तो सगळं आटोपूनही रडतच होता. लीलाचेची कपड्यांच्या घड्या घालत थांबली होती. आईचा चेहरा उतरला होता, आणि माझा संताप मावेना. मी दारात उभी राहून ओरडले, ‘बास झालं त्याचं! आज आधी माझं गाणं म्हण!’

आई इतकी थकली होती की रागावलीही नाही. त्याला खांद्यावर घेऊन ती खाली बसली, मला कुशीत ओढलं आणि डोळे मिटून माझं गाणं म्हणू लागली. पहिल्या ‘ईरा’पाशी त्याचं रडणं अडखळलं. दुसऱ्याला थांबलं. मी मान वर करून पाहिलं, तर त्याची मूठ सैल होत होती, पापण्या जड होत होत्या.

‘पेट में सुना है ना,’ चेची हळूच म्हणाली. ‘इसको मालूम है.’

मला झोपवताना आईचं पोट माझ्या पाठीला टेकलेलं असायचं. मी बाहेरून ऐकत होते, तेव्हा तो आतून ऐकत होता – माझ्याहून जवळून, आणि फुकटात! मत्सर म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

आईने त्याला तसंच धरून ठेवलं होतं. वचन दोघींनाही आठवत होतं. ‘ईरा, देशील?’ तिने विचारलं.

पाळणा नव्या बाळासाठी गाताना नाव नव्या बाळाचं घालायचं, ही रीत मला ठाऊक होती. बारशाला आजीने तसंच केलं होतं. मी त्याच्या सैल झालेल्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘नाव नाही बदलायचं.’

आईने शब्द पाळला. तिसरी जागा भरली, क्रम पक्का झाला, आणि रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत माझंच नाव घेऊन दुसरं कुणीतरी झोपवलं जाऊ लागलं. मला ‘आता तू मोठी झालीस’ हे कुणी सांगितलं नाही. ते आपोआप झालं. काही दिवस मी अर्धवट उघड्या दाराशी कान लावून पडायचे... मग तेही सुटलं.

पुढे वर्ल्ड कप आला, गेला, क्रेन गेल्या. मी पुण्याला शिकायला आले. मागच्या सुट्टीत दोह्याला गेले तेव्हा अद्वैत फुटबॉलच्या बुटांच्या नाड्या बांधत काहीतरी गुणगुणत होता. मी विचारलं, हे कुठलं?

‘दॅट्स माय साँग, ताई. आई म्हणायची माझ्यासाठी.’

‘अरे, पण त्यात नाव कुणाचं आहे?’

‘तुझं. सो व्हॉट? ती मलाच म्हणायची ना,’ तो सहज म्हणाला आणि पुन्हा नाड्यांकडे वळला. इतक्या वर्षांनीही तोच जुना मत्सर जागा झाला. त्याचं मराठी धड नाही, चार ओळींतल्या दोन त्याला येतही नव्हत्या. पण शेवटच्या ओळीला त्याने आवाज उतरवला, अगदी आईसारखा हळू, आणि माझं नाव घेऊन नुसतं गुणगुणत राहिला. माझे डोळे मिटायला लागले होते. मी ते मिटू दिले नाहीत. त्याने पाहिलं असतं.