कापलेलं बोंड

नीलिमाताईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अंबरनाथ पश्चिमेत त्यांच्या इमारतीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं कापसाच्या रोगांवर काम करून निवृत्त झालेली बाई. आता घरी बसून एका सल्ला-अॅपसाठी विदर्भातल्या शेतकऱ्यांनी पाठवलेले बोंडांचे फोटो तपासते आणि दिवसभर कुणाला ना कुणाला झापते.

त्या सकाळी पहिल्याच फोटोने डोकं फिरलं. सुपारीएवढी बोंडं उकललेली, पानं लाल पडलेली आणि कुणा शहाण्याने शेरा मारलेला, ‘वेचणीस तयार’.

“तयार कसली, डोंबलाची!” त्या एकट्याच ओरडल्या. झाड सुकत चाललंय, म्हणून बोंडं अवेळी उकलली. आतला धागा कच्चा. आधी मुळं बघा की!

पुढचा फोटो हिरामणचा. यवतमाळकडचा शेतकरी. बोंड खालून काळं, पिचपिचीत, वर पांढरी बुरशी. कापलेल्या बोंडात कापूस तपकिरी आणि ओला. अळी नाही, विष्ठा नाही, सरकी कुरतडलेली नाही, कप्प्यांच्या पडद्याला भोक नाही. ही सरळसरळ सड होती, पावसाने कोंदटलेल्या शेतातली. आणि दहा दिवसांपूर्वी याच माणसाला अॅपने ‘बोंडअळी’ सांगितली होती! बिचाऱ्याने दोन फवारण्या केल्या होत्या, तिसरी आज करणार होता.

त्यांनी अॅपच्या बदलापूरच्या ऑफिसात समीरला फोन लावला.

“कुठल्या गाढवाने अळी सांगितली याला? काळा डाग दिसला की भोक म्हणायचं? गुलाबी अळी आत शिरली की तिचं भोक बुजतं, बोंड कापल्याशिवाय कळत नाही, हे शंभरदा सांगितलंय! काढून टाका त्याला!”

“मॅडम, चेक करतो.” समीरने नोंद उघडली. “मॅडम, एन्ट्री तुमच्याच आयडीने आहे. त्या दिवशी तुम्ही दीडशे फोटो क्लिअर केले होते.”

मग त्या आणखीच भडकल्या. “नंबर द्या त्याचा. शेतकऱ्याला थेट फोन करायचा नाही, हा नियम गेला खड्ड्यात. फवारणी थांबवायचीय!”

फोन लागला तेव्हा हिरामणने पंप पाठीवर घेतलाच होता.

“दादा, पंप खाली ठेवा. अळी नाही, बोंडं सडतायत. कीटकनाशकाने काही होणार नाही. साचलेलं पाणी काढा, सडलेली बोंडं वेचून शेताबाहेर न्या, झाडांत हवा खेळू द्या.” मग त्यांनी सांगून टाकलं, “आधीचा सल्ला माझाच होता. चुकले मी. एकाच फोटोवरून सांगितलं.”

“एकच कसा, मॅडम?” हिरामणचा आवाज चढला. “मी तवाबी दोन पाठवले होते. कापेल बोंडाचाबी होता. तुमीच मांगता ना!”

नीलिमाताईंनी जुनी नोंद उघडली. दुसरा फोटो होता. कोणीच उघडलेला नव्हता.