घसरण्याची सोय

बाबाराव आमच्या कचेरीत लागला तो कारकून म्हणून, पण त्याला घेतलं होतं पायांसाठी. इंग्रजांच्या राज्यात जबलपूरच्या आमच्या साहेबाला फुटबॉलचं वेड होतं. जो खेळायला नाही म्हणेल, त्याची हंगामी नोकरी जायची. जो खेळून खेळून थकलेला दिसेल, त्याला मात्र साहेब स्वतःच बाजूला करून कायमचं टेबल द्यायचा. बाबारावचा उजवा गुडघा रोज सुजायचा. त्याची बायको शकु रोज शेक द्यायची आणि रोज चिडायची. नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती आणि थकलेला दिसणं त्याला जमत नव्हतं. मी गोलकीपर, मला सगळं दिसायचं आणि त्याची कीव यायची.

श्रावणात राइट टाउनच्या मैदानावर सामना ठरला, तेव्हा मैदानाचं तळं झालं होतं. कडेच्या गवतावर शेवाळ, गोलासमोर घोट्यापर्यंत पाणी. सगळ्यांनी तळाला चामड्याच्या खुंट्या ठोकलेले बूट चढवले. बाबाराव अनवाणी उतरला. लोकांना ती शेखी वाटली. मला तो आधीच सांगून बसला होता, की आज मी घसरणार, इतका घसरणार की साहेब कंटाळून मला बाजूला करेल.

आणि घसरला हो! गवतावर पाय टेकला की आडवा. मला हसू येत होतं आणि त्याच्या गुडघ्याची भीतीही वाटत होती. छत्रीखालचा साहेब तोंड वाकडं करू लागला. मला वाटलं, सुटला गडी.

शेवटी मी गोल सोडून मध्यावर आलो आणि एक लांब किक मारली. पाणी पिऊन चामड्याचा चेंडू धोंड्यासारखा जड झाला होता. तो समोरच्या गोलापुढच्या डबक्यात पडला आणि तिथंच थांबला, पुढं घरंगळेचना. त्यांचे दोन्ही बॅक धावले, पण पाण्यानं भरलेले बूट चिखलात रुतले, काढता निघेनात. बाबाराव जवळच होता. त्यानं पायाची मोकळी बोटं चेंडूखाली घातली, अलगद वर उचलला आणि गोलात टोलवला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचा चेहरा मी पाहिला. तो रडत होता, पावसात कुणाला कळलं नाही.

साहेबाचा निरोप घेऊन आमचे बडे बाबू भय्यासाहेब आले. म्हणाले, “नौकरी पक्की, बाबाराव. बस, जब तक टांगें हैं, आगे तुम ही खेलोगे.”

घरी जाताना मी त्याला विचारलं, “काहून मारला गा गोल? घसरणार होता ना तू?”

“मी नाही मारला,” तो म्हणाला. “पायानं मारला.”

दुसऱ्या दिवशी गढा मोहल्ल्यात नथ्थू मोच्याकडे तो बुटाला खुंट्या ठोकवून घ्यायला बसलेला दिसला. पाऊस थांबायचं नाव नव्हतं. शनिवारी पुन्हा सामना होता.

“लंबी ठोकना, भैया,” तो नथ्थूला सांगत होता. “अब फिसल के फायदा नहीं.”