वजा दोन इंच

माझी मावशी माणसं चेहऱ्यावरून लक्षात ठेवत नाही, छातीच्या मापावरून ठेवते. रस्त्यात कुणी ओळखीचं हसून पुढे गेलं की मला कोपरानं ढोसते आणि विचारते, "हा अडतीस ना गं?" नाव, गाव, धंदा, काही विचारा, आठवणार नाही. पण बारा वर्षांपूर्वी त्याला राखाडी स्वेटर केला होता आणि तेव्हा तो अडतीस होता, हे पक्कं ठाऊक.

लोकरीच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे ती विणते. खोलीत एक खिडकी, दोन खुर्च्या, खिळ्याला लटकवलेला टेप आणि मापांची जाडजूड वही. दुकानात लोकर घेतलेलं गिऱ्हाईक तसंच मागच्या दारानं तिच्याकडे येतं. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायचे, पुढे काम शिकले, आणि आता माझीच खुर्ची खिडकीपाशी आहे.

माप घेण्याच्या बाबतीत मावशी फार खडूस. टेप काखेखालून, छातीच्या सगळ्यात रुंद भागावरून, पाठीमागे घसरू न देता. हात खाली सोडलेले, श्वास नेहमीचा. पुरुष हटकून छाती फुगवतात. मावशी टेप तसाच धरून उभी राहते आणि म्हणते, "सोडा श्वास. मला घाई नाही." शेवटी बिचाऱ्याला सोडावाच लागतो. एकदा एक बाई नवऱ्याचा जुना स्वेटर घेऊन आली, ह्याच्यावरूनच माप घ्या म्हणाली. मावशीनं तिला परत पाठवलं. स्वेटरच्या मापात मोकळीक आधीच धरलेली असते. त्यात पुन्हा मिळवली तर नवऱ्याऐवजी पोतं झाकायला होईल, असं तिला तोंडावर सांगितलं. अंग मोजायचं, कपडा नाही, हा तिचा कायदा.

मोकळीक म्हणजे अंगापेक्षा स्वेटर जितका मोठा ठेवायचा तितकी जागा. नुसत्या बनियनवर घालायचा तर दोन इंच, शर्टावर घालायचा तर चार. वाढत्या पोरांना त्याहून इंच-दोन इंच जास्त, म्हणजे पुढच्या थंडीतही येतो. छाती अधिक मोकळीक, गुणिले इंचातले टाके. आमच्या नेहमीच्या लोकरीचे इंचाला पाच टाके बसतात, तेही नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजलेले. वहीत पानोपानी अधिकाचं चिन्ह. आपला धंदा बेरजेचा आहे, असं ती कौतुकानं म्हणायची.

तिचा थोरला भाऊ, माझा मामा, लाकडाच्या वखारीत होता. सगळ्यांचा दादा. छाती चाळीस, आणि तीसुद्धा न फुगवता. फळ्या तो हातानंच मोजायचा. त्याची वीत बरोबर नऊ इंचांची होती, आणि मालक पट्टी काढेपर्यंत मामानं आकडा सांगितलेला असायचा. मावशीची आणि त्याची त्यावरून कायम जुंपायची. तो म्हणायचा, टेप आंधळ्यांसाठी असतो. ती म्हणायची, माणूस म्हणजे फळी नव्हे. दर दोन-तीन वर्षांनी ती त्याला चव्वेचाळीसचा स्वेटर करायची, आणि तिचे ते चार इंच आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होते.

मग मामाला पोटातला आजार झाला. डॉक्टरनं मामीला बाजूला घेऊन काय ते सांगितलं, मामीनं आम्हाला सांगितलं, आणि मामाला कुणीच सांगितलं नाही. त्याला अल्सर आहे, हळूहळू बरा होईल, असं ठरलं. असं ठरवायला आम्हाला काय अधिकार होता, ह्याचा आजही मला राग येतो. पण तेव्हा मीही मान डोलावली होती.

खोटं बोलायला तोंड पुरतं, पण कपडे ऐकत नाहीत. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले. जुना स्वेटर घातला की मामा त्यात कुठे आहे ते शोधावं लागे. एक दिवस त्यानं तो काढून खुर्चीवर टाकला आणि मावशीला म्हणाला, "बारके, एक तरी अंगाला बसेल असं दे मला. ह्याच्यात मी मेल्यासारखा दिसतो."

ती दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेली. मीही होते. त्यानं सवयीनं छाती फुगवायला घेतली आणि त्याला खोकला आला. मावशीनं टेप धरला, आकडा बघितला, आणि टेप लगेच गुंडाळला.

"किती?" त्यानं विचारलं.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

छत्तीस होती. मी बघितली होती. आम्ही परत आलो. मग खोलीत बसल्यावर तिनं मला समजावलं. आकडा खोटा सांगितला तरी स्वेटर खरा करायचा. छत्तीस अधिक चार, चाळीस. अंगाला नीट बसला की त्याला वाटेल, आपण फारसे उतरलो नाही. त्याला आरशात एकदा तरी बरं वाटावं, एवढंच तिला हवं होतं. नाही तरी दुसरं काय देणार होतो आम्ही त्याला?

तिची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, सांधे धरतात. महिन्यात पाठ पुरी झाली आणि पुढचा भाग अर्धा. अंदाज घ्यायला ती विणलेली पाठ मामाच्या पाठीला लावून बघायला गेली. वीस इंचांचा तो भाग दोन्ही काखांच्या बाहेर पंखांसारखा आला. "जरा हात वर कर दादा, लांबी बघते," असं म्हणत तिनं पुन्हा टेप फिरवला. चौतीस.

सगळं उसवलं. उसवलेली लोकर नागमोडी होते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून मी तिच्या लड्या केल्या, पाण्यातून काढल्या, दोरीवर वाळत घातल्या. लोकर वाळेपर्यंत मावशी वही उघडून बसली होती. चौतीस अधिक चार, अडतीस. इतकं तर मलाही येत होतं. पण तिचं पेन पुढे जाईना.

"पुरा व्हायला अजून महिना जाणार," ती म्हणाली. "तोवर तो चौतीस राहणार आहे का?"

तिनं पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"पोरांचं वाढतं अंग धरतो की आपण. मग हेही धरायला नको?"

मी तिला म्हटलं, अडतीसचाच कर, अल्सरच तर आहे, मामा थोडा सुधारेल. आमचंच खोटं मी तिच्याच समोर मांडलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोरीवरच्या लड्या उगाचच उलट्या करायला गेले.

मग तिनं लिहिलं. चौतीस वजा दोन, बत्तीस. अधिक चार, छत्तीस. टाके एकशे ऐंशी. तीस-पस्तीस वर्षांच्या त्या वहीत तो पहिला वजा होता. लिहून झाल्यावर ती बराच वेळ तोंडावर पदर धरून बसली. ती रडते तेव्हा आवाज करत नाही, आणि ते मला फार वाईट वाटतं.

काम मात्र तिनं चोख केलं. पाठीला नव्वद टाके, शिवणीला दोन वेगळे. पुढचा भाग तसाच. छाती छत्तिसाची असली तरी उंची आणि बाह्या तिनं जुन्याच ठेवल्या, खांदे जेमतेम कमी केले. हाडं बारीक होत नाहीत, ती म्हणाली. मामीला दर आठवड्याला विचारायची, काल किती खाल्लं, आज उठून बसला का. मामीला वाटायचं, नणंदेला भावाची काळजी. काळजी तर होतीच. पण मावशी मनात इंच मोजत असायची, आणि मला ते कळत होतं.

स्वेटर घेऊन गेलो तेव्हा मामा खिडकीपाशी बसला होता. मामीनं आणि मी त्याला शर्टावर तो चढवला. बसला. काखेत ओढ नाही, पाठीवर झोळ नाही, खांद्याची शिवण खांद्यावर. माझ्या आयुष्यात मी इतका नीट बसलेला स्वेटर बघितलेला नाही. मामीनं आरसा समोर धरला. मामानं स्वतःला बघितलं, कॉलर सारखी केली आणि म्हणाला, "वा. माणसात आलो." मग मावशीला म्हणाला, "बघ, मी काही उतरलेलो नाही. उगाच सगळ्यांनी तोंडं पाडलीत."

मावशी हसली. स्वयंपाकघरात जाते म्हणून गेली ती बाहेर आलीच नाही. मामी तिला बघायला गेली. मामा आणि मी दोघंच उरलो.

त्यानं स्वेटर डोक्यातून काढायला लावला, मांडीवर सपाट पसरला आणि एका काखेपासून दुसरीपर्यंत हात टाकला. त्या हातावर आता नुसत्या शिरा होत्या, पण वीत तेवढीच होती. एक. दोन. शिवणीपाशी बोट बरोबर टेकलं.

"अठरा," तो हळूच म्हणाला. "दुप्पट छत्तीस. तिचे चार गेले की बत्तीस."

मी स्वेटर उचलायला हात पुढे केला.

"तिला सांगू नकोस. आयुष्य वखारीत गेलं माझं. एकोणचाळीस म्हणाली तेव्हाच कळलं होतं. घाल परत, थंडी वाजते."

मी घातला. बाही त्याच्या कोपराशी अडकली.

तो स्वेटर त्याच्या अंगाला दोन आठवडे बसला. मग तोही ढगळ झाला. तिसऱ्या आठवड्यानंतर मामा गेला. मामीनं स्वेटर धुऊन, घडी करून मावशीला आणून दिला. दुसऱ्या कुणाला येण्यासारखा नव्हताच. इतक्या लांब बाह्यांचा आणि इतक्या अरुंद छातीचा माणूस कुठून आणायचा?

त्यानंतर मावशीनं मोठ्या माणसांची कामं बंद केली. ती सगळी मी घेते. ती फक्त लहान पोरांचे स्वेटर करते. आयांना दटावून दटावून मोकळीक जास्त ठेवायला लावते. पोरं पिशवीत शिरल्यासारखी दिसतात, पण तिला पुरेसं वाटत नाही.

मागच्या थंडीत एकदा, एका पोराची बाही मोजता मोजता, ती एकदम थांबली.

"मी दोन धरले, म्हणून दोन गेले," ती म्हणाली. "अडतीसचे टाके घातले असते, तर तो थांबला असता कदाचित. मीच त्याला बत्तिसावर आणला."

मी म्हटलं, असं कुठे असतं का, वेडी आहेस का तू. तिनं ऐकलं नाही. टेप बोटाला गुंडाळत राहिली.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "त्याला शेवटपर्यंत कळलं नाही."

"हो," मी म्हटलं. "कळलं नाही."

तिनं टेप सोडला आणि पोराची बाही पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.