शिंप्याला पाठवलेला पहिला मेसेज

आमची ताई घरी बसून छोट्या दुकानांच्या वेबसाइट करते. काम मागते, पण हात पसरत नाही. मागे तिने एका अनोळखी शिंप्याला मेसेज पाठवला:

"नमस्कार. मी वेबसाइट करते. इंटरनेटवरच्या तुमच्या दुकानाच्या पानावर सगळे फोटो नव्या कपड्यांचे आहेत. गिऱ्हाइकांनी कौतुक मात्र केलंय ते चेन बदलण्याचं आणि कपडे मापात करून देण्याचं. ही कामं तुम्ही करता, हे पानावर कुठेच नाही. तेवढी एक ओळ घाला. पुढे काही लागलं, तर सांगा."

मी कपाळाला हात लावला. "अगं, मुद्द्याचं फुकटात सांगून बसलीस! तो ओळ घालेल आणि तुला विसरेल."

"घालू दे की!"

त्याने ओळ घातली. उत्तर नाही. मी टोमणे मारायची एकही संधी सोडली नाही.

महिन्याभराने त्याचा फोन आला. "ताई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही! लोकांना आधी वेळ ठरवून येता येईल, अशी वेबसाइट करून द्या."

ताईने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तुझी ती चेन तुटलेली पँट घे, आणि जा, रांगेत उभा राहा."