सोमवारी द्यायचं उत्तर

मोहफुलांचा उग्र, गोडसर वास आला की कुरखेड्यातलं आमच्या आरोग्य संस्थेचं कार्यालय आठवतं. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ठरवण्याआधी वरिष्ठ बाई माझ्या कामाचा आढावा घेणार होत्या. घरातला मी पहिला पदवीधर. बोलावणं येईपर्यंत अंगणातल्या मोहाखाली बसून सावकाश लांब श्वास सोडत राहिलो. आत गेल्यावर बाई म्हणाल्या, "मेहनत लय करता, भाऊ. पण गावातल्या बायाइले बोलूच देत नाई." माझे कान तापले, सबबी ओठांवर आल्या. पाय फरशीवर घट्ट टेकवून मी एवढंच विचारलं, "एखादा प्रसंग सांगाल?" "परवा गावभेटीत माझ्यासमोर ती बाळंतीण सांगून राह्यली होती, तिचं वाक्य तुम्हीच पुरं केलं." मी म्हणालो, "विचार करून सोमवारी बोलतो." त्या हसल्या, "या. भांडाले आले तरी चालन." परतताना एसटीत मन उत्तरं रचतच होतं. मग उमगलं, बाई म्हणाल्या होत्या की मी मधे बोलतो. मी मात्र ऐकलं होतं की मी नालायक आहे. दुसऱ्या दिवशी त्याच बाळंतिणीसमोर गप्प बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "भाऊ, मले बाळाले जवळ घ्यावंसंच वाटत नाई." तिला डॉक्टरांकडे नेलं आणि हे बाईंना सांगायला सोमवारची वाट पाहू लागलो. रविवारी झोपेतच बाईंचं हृदय थांबलं. आता, इतक्या वर्षांनी, नवख्यांचे आढावे मी घेतो. समोरच्याचे कान लाल झाले की थांबतो, सोमवारी या म्हणतो. सोमवारी दार वाजलं की क्षणभर वाटतं, बाई आत आहेत आणि बाहेर मी उभा आहे.