रिकाम्या शिटांचं भाडं

समाधान मूळचा मुक्ताईनगरकडचा, आता पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. एका बियाणं कंपनीत फिरस्तीचं काम. जळगावहून एसटीनं धुळं, तिथून शिरपूर आणि पुढं जीपनं सातपुड्याच्या पायथ्याची गावं. खिशातून खर्च करायचा, महिनाअखेरीला पुण्याच्या अकाउंट्सवाल्यांना इंग्रजीत मेल टाकायचा, की पैसे खात्यात येतात. येतात म्हणजे यायला पाहिजेत.

या खेपेला खिसाही त्याचा नव्हता. बायको सविताच्या बचत गटाचे पैसे तिच्याजवळ ठेवायला होते, त्यातून त्यानं घेतले होते. रविवारी गटाची बैठक. तिथं पैसे सगळ्या बायांसमोर चटईवर मोजून ठेवावे लागतात.

मेल लिहिला त्यानं, पण पाठवायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या मृणालीला दाखवला. ती एका कंपनीचं ग्राहकसेवेचं काम घरून करते, दिवसभर इंग्रजीत माफ्या मागते. तिनं वाचला आणि हसली.

"भाऊ, तुम्ही तर अजून धुळ्याला जाऊच राहिले यात."

गेलो, राहिलो, परत आलो, असं सगळं तिनं भूतकाळात नेलं. 'माझे पैसे लवकर पाठवा' असं त्यानं लिहिलं होतं. तिथं 'कृपया मंजूर करावेत ही विनंती' आलं. मग तिनं तिकिटं मांडून बेरीज केली. त्यानं दोन हजार चारशे साठ लिहिले होते, बेरीज भरली दोन हजार सहाशे चाळीस. आकडे उलटे पडले होते. एकशे ऐंशी रुपये वाचले म्हणून सवितानं तिला चहा दिला.

तेवढ्यात मृणालीचा हात जीपच्या चिठ्ठीवर थांबला. माणूस एक आणि शिटा सात? तेही तीन वेळा?

समाधाननं सांगितलं. शिरपूरच्या त्या जीपचा मालक धनसिंग. दहा माणसं बसल्याशिवाय त्याची गाडी हलत नाही. "भाऊ, बठ्ठी गाडी भराई गयी का निंघसूत," एवढंच म्हणतो आणि तंबाखू मळतो. तिकडं बियाण्याच्या सभेला जमलेली गावची माणसं नऊपर्यंत थांबतात, मग शेतात जातात. नऊला सभेचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर पडला नाही तर तो दिवस बिनपगारी. म्हणून तीन माणसं बसलेली असली की समाधान आपल्या शिटेबरोबर उरलेल्या सहा रिकाम्या शिटांचे पैसे देतो आणि गाडी निघते. परतीला सुकलाल नावाचा शेतकरी मोटारसायकलवर फुकट सोडतो, त्याची चिठ्ठी नसते.

मृणालीनं हे सगळं दोन ओळींत, फार नम्रपणे लिहिलं. मेल गेला. असा सुरेख मेल समाधानच्या नावानं कधी गेला नसेल.

दोन दिवसांनी पुण्याहून अकाउंट्सच्या ज्योती मॅडमचा फोन आला. बाई चांगली. मेल अगदी स्वच्छ आहे म्हणाली, बेरीजही बरोबर आहे. फक्त त्या सहा प्रवाशांची नावं आणि एम्प्लॉयी कोड तेवढे पाठवा.

"मॅडम, तिथं कुणी नव्हतंच."

"मग रिकाम्या सीटचे पैसे मी कोणाच्या नावावर टाकू?"

अख्खी गाडी ठरवली असं दाखवायचं, तर साहेबांची आधीची मंजुरी जोडावी लागते. समाधाननं आपल्या वरच्या सुकदेव साहेबांना फोन लावला. मागच्या तारखेची मंजुरी सिस्टीमच घेत नाही, असं ते म्हणाले. आणि पुढची? पुढं अख्ख्या गाडीला मंजुरी मिळतच नाही, शेअर जीप असताना. ज्योती मॅडमही तेच म्हणाली, माझ्या हातात काय आहे. कोणी रागावलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. भांडायचं तरी कोणाशी?

मृणालीनं मेल पुन्हा दुरुस्त केला. सातच्या जागी एक शीट, एकूण एक हजार पाचशे साठ. शेवटी तिनं सहकार्याबद्दल आभारही मानले. समाधाननं ती ओळ दोनदा वाचली आणि तशीच राहू दिली.

"आते काय करशी?" सवितानं विचारलं. सविता धुळ्याच्या देवपूरची, घरात अहिराणीच बोलते.

कंपनीचे आलेले पैसे धरूनही रविवारी तिनं चटईवर एक हजार ऐंशी कमी ठेवले. बायांनी गटाचे पैसे पुढच्या महिन्यापासून गटातल्याच केसरबाईकडे ठेवायचं ठरवलं. हे सांगताना सविता भाकऱ्या थापत होती, आवाज नेहमीसारखाच.

सोमवारी समाधान शिरपूरला धनसिंगच्या जीपमध्ये बसून होता. आत तिघं, तो चौथा. समोर त्याच गावची बुधीबाई कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन पेंगत होती. या वेळी थांबायचं, असं तो घरून ठरवून आला होता. थांबला. एक पोरगी आली, बापानं हाक मारली तशी परत गेली. आठ वाजून गेले. गावाहून सुकलालचा फोन आला, माणसं जमलीत, नऊला उठतील म्हणून.

समाधाननं खिशात हात घातला आणि सात शिटांचे पैसे धनसिंगच्या हातावर ठेवले. धनसिंगनं नोटा डोक्याला लावल्या, कानामागची पेन्सिल काढली.

"शिटा किती लिखू, भाऊ?"

"एकच लिख."